नियम दारावर, पळापळ आत

सोमवार, 18 डिसेंबर 2006. बँकॉकचा शेअर बाजार बंद झाल्यावर थायलंडच्या मध्यवर्ती बँकेने एक नवा नियम जाहीर केला. परदेशातून डॉलर आणून त्यांचे बाट करून घेणाऱ्याला आता सगळ्या रकमेचे बाट मिळणार नव्हते. त्यातले 30 टक्के डॉलर बँक वर्षभर बाजूला ठेवणार होती आणि त्यांवर व्याज देणार नव्हती. वर्ष पुरे व्हायच्या आत कुणाला पैसे घेऊन परत जायचे असेल, तर अडकवलेल्या रकमेपैकी दोन तृतीयांशच त्याच्या हाती पडणार होते. मालाच्या आणि सेवांच्या व्यापाराचे पैसे यातून वगळले होते, 20 हजार डॉलरच्या आतल्या रकमाही वगळल्या होत्या.

नियम होता तो नव्याने येणाऱ्या पैशासाठी. जे परकीय गुंतवणूकदार आधीपासून थायलंडचे शेअर बाळगून होते, त्यांच्या पैशाला कुणी हात लावणार नव्हते. त्यांना केव्हाही शेअर विकून, डॉलर घेऊन निघून जाण्याची मोकळीक होती.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तेच पळाले. निर्देशांक 10 टक्के पडला म्हणून व्यवहार अर्धा तास थांबवावे लागले. पुन्हा सुरू झाल्यावर घसरण एका क्षणी 19 टक्क्यांच्याही पुढे गेली. दिवसअखेर निर्देशांक 730.55 वरून 622.14 वर आला होता, म्हणजे जवळजवळ 15 टक्के खाली. एका दिवसात थायलंडच्या कंपन्यांचे बाजारमूल्य सुमारे 800 अब्ज बाटांनी घटले. कारखाने चालू होते, भाताची पोती बंदरावर जात होती, कुठली बँक बुडाली नव्हती. आणि त्या दिवशी परकीयांनी खरेदी वजा जाता विकलेले शेअर होते सुमारे 25 अब्ज बाटांचे.

या दोन आकड्यांपाशी मला थांबायचे आहे. विकले 25 अब्जांचे, किंमत उतरली 800 अब्जांनी. विकलेल्या एका बाटामागे बत्तीस बाट. परकीय पैसा एखाद्या लहानशा बाजाराला कसा हलवतो, हे या प्रमाणात आले आहे.

शेअर बाजाराचे मूल्य आपण काढतो ते कसे? शेवटच्या सौद्याचा जो भाव असेल, त्याने कंपनीच्या सगळ्या शेअरांना गुणतो. पण त्या दिवशी हात बदलणारे शेअर एकूण शेअरांच्या मानाने मूठभर असतात. बरेचसे शेअर प्रवर्तक घराण्यांकडे, सरकारकडे किंवा वर्षानुवर्षे न विकणाऱ्यांकडे पडून असतात. भाव ठरवतात ते फक्त त्या दिवशी खरेदीला आणि विक्रीला उभे असलेले लोक. शंभर फ्लॅटांच्या सोसायटीत एकाने अडचणीपोटी वीस टक्के कमी भावात फ्लॅट विकला, की उरलेल्या नव्व्याण्णव घरांची किंमतही कागदावर तेवढीच खाली येते, तसेच हे आहे. नव्व्याण्णव घरांत कुणी काहीच केलेले नसते.

आता त्या खरेदी-विक्रीच्या रांगेत परकीयांचा वाटा किती, यावर सारे ठरते. बँकॉकमध्ये तेव्हा रोजच्या उलाढालीतला साधारण तिसरा हिस्सा परकीयांचा होता. बहुतेक उरलेली उलाढाल थाई किरकोळ गुंतवणूकदारांची होती, आणि हा वर्ग परकीय काय करतात यावर डोळा ठेवून चालणारा. भाव पडताना शांतपणे पुढे होऊन घेणाऱ्या थाई विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, पेन्शन फंड यांचा हात त्या मानाने लहान होता. म्हणजे परकीय विकायला उठले, की त्यांच्यासमोर मोठ्या रकमेची ऑर्डर घेऊन उभा राहणारा कुणी नव्हता. विकणाऱ्याला मग एकच मार्ग उरतो, गिऱ्हाईक मिळेपर्यंत भाव खाली आणत राहायचा.

पण त्यांना विकावेसे का वाटले? नियम तर त्यांना लागूच नव्हता. याचे उत्तर असे की शेअर हातात असलेला माणूस स्वतःच्या पैशाइतकाच पुढच्या खरेदीदाराचाही विचार करतो. उद्या आपले शेअर घेणार कोण? बरेचदा दुसरा परकीयच. त्या दुसऱ्या परकीयाचा हिशेब कागदावर मांडून पाहू.

समजा, एखाद्या फंडाला मंगळवारी एक कोटी डॉलर थायलंडमध्ये आणायचे आहेत. त्यातले 30 लाख डॉलर बँक ठेवून घेणार. उरलेल्या 70 लाखांचे तेव्हाच्या साधारण 35 बाट दराने साडेचोवीस कोटी बाट होतात. शेअर घेता येतील ते तेवढ्याच रकमेचे. सहा महिन्यांनी काही कारणाने परत जावे लागले, तर अडकलेल्या 30 लाखांतले 20 लाख मिळतील आणि 10 लाख डॉलर जातील. शेअरचा भाव जागचा हलला नाही, बाटही हलला नाही, तरी एक कोटीतले दहा लाख, म्हणजे पूर्ण रकमेचे 10 टक्के गेले. वर्षभर थांबायची तयारी असली तरी 30 टक्के रक्कम बिनव्याजी पडून राहते. असा हिशेब समोर आल्यावर कुठला फंड व्यवस्थापक त्या आठवड्यात पैसे पाठवील? आत असलेल्यांना हे सोमवारी रात्रीच कळले होते. दार बाहेरून बंद झाले, तेव्हा आतल्यांना आपला माल घेणारे गिऱ्हाईक दिसेनासे झाले. जो आधी विकेल त्याला बरा भाव मिळणार होता, म्हणून सगळ्यांनाच आधी विकायचे होते.

थायलंडच्या मध्यवर्ती बँकेला शेअर बाजार पाडायचा नव्हताच. तिची काळजी बाटाची होती. वर्षाच्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे 41 बाट मिळत, डिसेंबरच्या मध्याला 35 मिळू लागले. तांदूळ निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याने एक लाख डॉलरचा सौदा केला असेल, तर जानेवारीत त्याला 41 लाख बाट मिळाले असते, डिसेंबरात 35 लाख. शेतकऱ्याला द्यायचे भाताचे पैसे, गिरणीची मजुरी, बंदरापर्यंतचे भाडे मात्र सगळे बाटांतच. सहा लाखांचा फटका सोसायला त्याच्या नफ्यात तेवढी जागाच नव्हती. निर्यातीवर उभ्या असलेल्या देशाला ही ओरड ऐकून घ्यावीच लागते. बँकेच्या म्हणण्यानुसार नोव्हेंबरमध्ये आठवड्याला सरासरी 30 कोटी डॉलर येत होते, डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात 95 कोटी आले. यातला बराच पैसा शेअरांत जात नव्हता. तो अल्प मुदतीच्या रोख्यांत, बाट वधारण्याची वाट पाहत बसत होता.

परकीय गुंतवणूकदार एकाच पैशाने दोन बाजारांत उतरतो. शेअर घ्यायचा तर आधी बाट घ्यावे लागतात. त्याची कस्टोडियन बँक चलन बाजारात डॉलर विकते, बाट विकत घेते आणि मग त्या बाटांनी शेअरचे पैसे चुकते करते. त्यामुळे आत येणारा प्रत्येक डॉलर आधी बाटाला वर ढकलतो आणि मग शेअरला. निघताना हीच वाट उलटी. आधी शेअर विकले जातात, भाव पडतो; मग हाती आलेले बाट विकून डॉलर घेतले जातात, बाट पडतो. म्हणून अशा देशांत निर्देशांक आणि चलन बहुधा हातात हात घालून चढतात आणि घसरतात. स्थानिक माणूस शेअर विकतो, तेव्हा त्याचे पैसे बाटांतच बँकेत राहतात आणि चलन बाजाराला त्याची खबरही लागत नाही. परकीय विकतो, तेव्हा त्याचे दोन्हीकडे पडसाद उमटतात.

शिवाय परकीयाचा नफा-तोटा डॉलरमध्ये मोजला जातो. 2006 साली बँकॉकचा निर्देशांक वर्षाच्या सुरुवातीपासून 18 डिसेंबरपर्यंत जेमतेम दोन-अडीच टक्के वर होता. थाई गुंतवणूकदाराच्या दृष्टीने वर्ष कोरडेच गेले. पण जानेवारीत ज्याने 1,000 डॉलरचे 41,000 बाट करून शेअर घेतले, त्याचे शेअर अजिबात वाढले नाहीत असे धरले, तरी 35 च्या दराने त्याचे 1,170 डॉलर झाले होते. सतरा टक्के नफा, तोही निव्वळ चलनाचा. असा नफा आणखी पैसा ओढून आणतो, तो पैसा बाटाला आणखी वर नेतो आणि आधी आलेल्यांचा नफा त्यामुळे वाढतो. हे चाक उलट फिरते तेव्हा तितकेच निर्दय असते. शेअर 10 टक्के पडला आणि चलनही डॉलरच्या मानाने 10 टक्के घटले, तर परकीयाचे 100 चे 81 उरतात. स्थानिकाचे दहा जातात, त्याचे एकोणीस. दोघे एकाच शेअरचे धनी असले तरी पळण्याची घाई दुसऱ्याला जास्त असते ती या हिशेबापोटी.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत सरकारला काय झाले ते कळून चुकले होते. अर्थमंत्री प्रिदियाथोर्न देवकुल हे दोन-अडीच महिन्यांपूर्वीपर्यंत स्वतःच मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते. सप्टेंबरमधल्या लष्करी उठावानंतर ते मंत्रिमंडळात गेले आणि बँकेची सूत्रे तारिसा वतनगासे यांच्याकडे आली. त्याच संध्याकाळी शेअरांतली गुंतवणूक नियमातून वगळल्याची घोषणा झाली. बुधवारी निर्देशांक 11 टक्के चढून 691.55 वर बंद झाला. तरी सोमवारच्या भावापर्यंत तो पोचला नाही. नियम मागे घेता आला, पण या देशात एका रात्रीत असा नियम येऊ शकतो ही नवी माहिती मात्र बाजारात राहून गेली.

थाई अधिकाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्या भीतीमागे इतिहास होता, तो विसरून चालणार नाही. 1997 पर्यंत बाट डॉलरला साधारण 25 च्या दराने जवळजवळ बांधलेला होता. परदेशातून स्वस्त डॉलर कर्जे येत होती आणि बँकॉकमध्ये इमारती उभ्या राहत होत्या. पैसा उलटा वाहू लागल्यावर मध्यवर्ती बँकेने बाट सावरण्यासाठी आपल्याकडचे डॉलर संपवत आणले आणि 2 जुलै 1997 रोजी दर मोकळा सोडला. जानेवारी 1998 मध्ये डॉलरला 56 बाट मोजावे लागले. ज्या कंपन्यांनी डॉलरमध्ये कर्ज घेतले होते, त्यांचे कर्ज बाटांत दुपटीहून अधिक झाले. 1994 च्या सुरुवातीला 1,753 वर गेलेला निर्देशांक सप्टेंबर 1998 मध्ये 207 वर होता. आलेला पैसा किती सुखावतो आणि जाताना काय करून जातो, हे ज्यांनी आपल्या टेबलावरून पाहिले होते, ते 2006 मध्ये येणाऱ्या डॉलरांकडे पाहून घाबरले. त्यांची भीती मला रास्त वाटते. चूक झाली ती सगळा परकीय पैसा एकाच मापाने मोजण्यात. रोख्यांत दोन महिन्यांसाठी आलेला पैसा आणि कंपनीत भागीदार होऊन बसलेला पैसा यांना त्यांनी एकच नियम लावला.

रोख्यांसाठी नियम पुढेही चालू राहिला. त्याचा परिणाम असा की बाटाला दोन भाव झाले. थायलंडमध्ये एक आणि देशाबाहेर त्याहून महाग दुसरा, कारण बाहेरच्यांना बाट मिळणेच अवघड झाले होते. निर्यातदारांना मात्र फारसा दिलासा मिळाला नाही. 3 मार्च 2008 पासून नियम पूर्ण उठला, तेव्हा डॉलरला 32 बाटांच्या आसपास दर होता. म्हणजे बाट आणखीच वधारला होता.

मुंबईने याचा लहानसा अनुभव दहा महिन्यांतच घेतला. 2007 मध्ये रुपयाही वधारत होता. वर्षारंभी डॉलरला 44 च्या आसपास होता, तो ऑक्टोबरमध्ये 39 च्या घरात आला. परकीय पैशाचा मोठा भाग तेव्हा पार्टिसिपेटरी नोट नावाच्या कागदांतून येई. नोंदणीकृत परकीय संस्था भारतीय शेअर घ्यायची आणि त्यांच्या जोरावर नोंदणी न केलेल्या बाहेरच्या गिऱ्हाइकाला हा कागद द्यायची. 16 ऑक्टोबरच्या संध्याकाळी सेबीने या कागदांवर बंधने घालण्याचा प्रस्ताव मांडला. वायदे व्यवहारांवर बेतलेले कागद तर अठरा महिन्यांत मोडून टाकावे लागणार होते. 17 ला सकाळी दलाल स्ट्रीटवर बाजार उघडताच सेन्सेक्स 1,700 हून अधिक अंकांनी कोसळला, लोअर सर्किट लागले आणि व्यवहार तासभर बंद राहिले. अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी पुढे येऊन, हा कागदांवरच्या बंदीचा निर्णय नाही, प्रस्तावावर अजून मते मागवली आहेत, असा खुलासा केला. संध्याकाळी बाजार फक्त 336 अंक खाली बंद झाला. बँकॉकमध्ये सावरायला रात्र जावी लागली, इथे काही तास पुरले. इथे बाजार मोठा होता, प्रस्ताव अजून नियम झालेला नव्हता आणि खुलासाही त्याच दिवशी झाला.

परकीय जायला निघतात त्याचे कारण त्या देशातच असेल असेही नाही. 22 मे 2013 रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नान्की यांनी, रोखे खरेदीचा वेग आम्ही पुढेमागे कमी करू, एवढेच सांगितले होते. तेव्हा 55 च्या आसपास असलेला रुपया 28 ऑगस्टला 68 च्या पलीकडे गेला. त्या तीन महिन्यांत भारताने नवे काही वाईट केले नव्हते. चालू खात्यातली मोठी तूट मात्र आधीपासून होती. आयातीचे डॉलर भागवायला दर महिन्याला परकीय पैसा लागत होता आणि तो आटताच उणीव उघडी पडली. बॉस्टनमधल्या फंडात पैसे गुंतवलेला निवृत्त शिक्षक घाबरून पैसे परत मागतो, तेव्हा व्यवस्थापक विकायला सोपे असेल तेच विकतो. मुंबई, जकार्ता, इस्तंबूल त्याच्या यादीत एकाच रकान्यात असतात.

मग आपला बाजार आता किती लहान आहे? ऑक्टोबर 2024 हा महिना यासाठी पाहण्यासारखा आहे. त्या एका महिन्यात परकीयांनी भारतीय शेअरांतून सुमारे 94 हजार कोटी रुपये काढून घेतले. तोवर एवढी विक्री कुठल्याच महिन्यात झाली नव्हती. त्याच महिन्यात देशी संस्थांनी एक लाख कोटींहून अधिक रुपयांची खरेदी केली. त्यामागे महिन्याच्या महिन्याला पगारातून कापून जाणाऱ्या एसआयपीचा पैसा होता, त्या महिन्यात 25 हजार कोटींच्या वर. निफ्टी सुमारे 6 टक्के पडला. परकीयांनी एवढे विकल्यावर 6 टक्के ही थोडी घसरण म्हणायला हवी. बँकॉककडे 2006 मध्ये जे नव्हते, ते इथे होते. परकीय विकत असताना समोर घेणारा उभा होता.

पण शेअर बाजार सावरला म्हणून चलन सावरते असे मात्र नाही. एसआयपीचा पैसा रुपयांत असतो. नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या पगारदाराने परकीयाचे शेअर घेतले, त्याला रुपये दिले, इथवर ठीक. त्या परकीयाला पुढे रुपये विकून डॉलर हवे असतात, आणि ते डॉलर म्युच्युअल फंडांकडे नसतात. ते निर्यातदारांकडून, परदेशांतून घरी पैसे पाठवणाऱ्यांकडून किंवा रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीतून यावे लागतात. ऑक्टोबर 2024 मध्ये रुपया डॉलरला 84 च्या आसपास जवळजवळ स्थिर राहिला, कारण रिझर्व्ह बँक डॉलर विकत होती. सप्टेंबरअखेर 705 अब्ज डॉलरवर गेलेली गंगाजळी जानेवारी 2025 च्या मध्यावर 625 अब्जांच्या आसपास उतरली होती. त्यातली काही घट गंगाजळीतल्या इतर चलनांचे डॉलरमधले मोल उतरल्यामुळे झाली, पण मोठा भाग विकलेल्या डॉलरांचा होता. फेब्रुवारीत रुपया 88 ला टेकायला आला.

म्हणून रोज संध्याकाळी परकीय आणि देशी संस्थांच्या खरेदी-विक्रीचे आकडे जाहीर होतात, तेव्हा ते वेगवेगळ्या नजरेने पाहावे लागतात. परकीयांची विक्री आणि देशी संस्थांची खरेदी जुळली, तर निर्देशांकाची चिंता त्या दिवसापुरती मिटते. रुपयासाठी मात्र त्यातला फक्त परकीयांचा रकाना पाहायचा आणि त्याच्याशेजारी रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी जाहीर करते तो गंगाजळीचा आकडा ठेवायचा. पहिला आकडा सतत उणे आणि दुसरा आठवड्यामागून आठवडा घटत चाललेला दिसला, की रुपयाचा दर तोवर हललेला नसला तरी त्याला कुणीतरी डॉलर विकून धरून ठेवले आहे, एवढे त्यावरून कळते.